फ्रॉइडच्या मनोलैंगिक अवस्था : तपासता येत नाहीत, की तपासून चुकीच्या ठरल्या?

शलाका_म

नमस्कार. मी नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम. ए. करते आहे. व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धान्तांच्या पेपरासाठी फ्रॉइड वाचताना एका जागी अडले आहे आणि आमच्या नोट्समध्ये त्याचे उत्तर सापडत नाही.

मुखावस्था, गुदावस्था, लिंगावस्था, सुप्तावस्था आणि जननावस्था या पाच पायऱ्या दिल्यावर नोट्समध्ये टीकेचे दोन मुद्दे येतात. पहिला असा, की या सिद्धान्तातली विधाने तपासताच येत नाहीत, म्हणून तो शास्त्रीय नाही. दुसरा असा, की संशोधनातून या सिद्धान्ताला आधार मिळालेला नाही. दोन्ही वाक्ये एकाखाली एक आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत, याची कोणाला अडचण वाटलेली दिसत नाही. जे तपासताच येत नाही, त्याला आधार मिळाला नाही हे कशावरून ठरवले? आणि आधार मिळाला नाही हे तपासून ठरवले असेल, तर ते तपासता येत होते असाच त्याचा अर्थ होतो. यातले खरे काय? शक्य असल्यास एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून समजावून सांगावे.

केदार_नाशिक

याचे उत्तर सोपे आहे. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने फ्रॉइड खोटा ठरवला. त्याच्या मते जे विधान खोटे पाडता येत नाही ते निरर्थक असते. त्यामुळे फ्रॉइडचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला आणि आता तो केवळ इतिहास म्हणून शिकवतात. परीक्षेत पॉपरचे नाव लिहिले की गुण मिळतात.

रेवा_प

माझ्या बहिणीला दोन वर्षांच्या समुपदेशनाने नैराश्यातून बाहेर पडता आले. तिथे तिच्या बालपणाविषयीच सगळे बोलणे होत असे. ज्याचा इतका उपयोग होतो ते शास्त्रीय नाही असे म्हणणे मला पटत नाही.

तत्त्वबोध

शलाकाताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत असे, आणि हीच विसंगती दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये वाचत असे. थोडे सविस्तर लिहितो.

आधी केदार यांच्या मुद्द्याविषयी. पॉपरचे नाव बरोबर आहे, पण त्याच्या तोंडी घातलेली दोन्ही विधाने त्याची नाहीत. फ्रॉइड खोटा आहे असे त्याने म्हटले नाही. तो खोटा ठरण्याची सोयच सिद्धान्तात ठेवलेली नाही, असे म्हटले. जे खोटे पाडता येत नाही ते निरर्थक, असेही तो मानत नव्हता. फ्रॉइडच्या म्हणण्यात बरेच काही महत्त्वाचे असू शकेल आणि पुढे ते तपासता येण्याजोग्या मानसशास्त्राचा भाग होऊ शकेल, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. त्याचे गाजलेले उदाहरण दोन माणसांचे आहे. एक जण मुलाला बुडवण्यासाठी पाण्यात ढकलतो आणि दुसरा मुलाला वाचवताना स्वतःचा जीव देतो. फ्रॉइडच्या चौकटीत पहिल्याचे वागणे दमनाने, म्हणजे इच्छा मनात दाबून टाकण्याने उलगडते, आणि दुसऱ्याचे उदात्तीकरणाने, म्हणजे तीच ऊर्जा चांगल्या कामाकडे वळवण्याने. दोन्ही टोकांची वर्तने तितक्याच सहजपणे पोटात घेणारा सिद्धान्त नेमके काय घडणार नाही हे सांगत नाही, ही त्याची तक्रार होती.

आता प्रत्यक्ष उदाहरण. लिंगावस्था आणि इडिपस गंड, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि वडिलांविषयी मत्सर व भय वाटणे, यांसाठी फ्रॉइडने स्वतः ज्या एका मुलाची नोंद पुराव्यादाखल मांडली, तो मुलगा म्हणजे छोटा हान्स. त्याचे खरे नाव हर्बर्ट ग्राफ, जन्म 1903, व्हिएन्ना. वडील मॅक्स ग्राफ संगीतसमीक्षक होते आणि फ्रॉइडच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. आई पूर्वी फ्रॉइडकडे उपचार घेऊन गेलेली होती. 1908 च्या जानेवारीत, पाच वर्षांचा होण्याच्या आधी, हान्सला घोड्यांची इतकी भीती बसली की तो रस्त्यावर जाईनासा झाला. घोडा चावेल आणि घोडा पडेल, अशा दोन गोष्टींची त्याला धास्ती होती. व्हिएन्नाचे रस्ते तेव्हा घोडागाड्यांनी भरलेले असत आणि ग्राफ कुटुंबाच्या घरासमोरच माल चढवण्या-उतरवण्याची जागा होती, त्यामुळे हे भय टाळण्याजोगे नव्हते.

उपचार फ्रॉइडने केले नाहीत, वडिलांनी केले. ते मुलाशी बोलत, संभाषण टिपून ठेवत आणि फ्रॉइडला कळवत. या सबंध काळात उपचारासाठी फ्रॉइडची आणि हान्सची भेट एकदाच झाली, 30 मार्च 1908 रोजी. ती भेट बारकाईने वाचण्यासारखी आहे. घोड्याच्या डोळ्यांपुढचे आणि तोंडाभोवतीचे काळे आपल्याला विशेष त्रास देते, असे हान्स म्हणत असे. समोर बसलेल्या वडिलांचा चष्मा आणि मिशी पाहून फ्रॉइडला सुचले की घोडा म्हणजे वडील. त्याने हान्सला विचारले, तुझे घोडे चष्मा लावतात का? हान्स म्हणाला, नाही. मग विचारले, तुझे वडील चष्मा लावतात का? वडील समोर चष्मा लावून बसलेले असतानाही हान्स नाही म्हणाला. तरी अर्थ ठरला तो ठरलाच. काळे म्हणजे मिशी, आणि आईवर फार जीव असल्यामुळे तुला वडिलांची भीती वाटते, असे फ्रॉइडने त्या मुलाला तिथेच समजावून सांगितले.

आता यातले तपासण्याजोगे काय आणि न तपासण्याजोगे काय, हे वेगळे करता येते. हान्सला अमुक महिन्यात भीती बसली, घोडा पडताना त्याने पाहिला, नंतर भीती ओसरली, या घटना आहेत. त्यांची शहानिशा होऊ शकते. भीतीचे मूळ वडिलांविषयीच्या भयात आहे, हे विधानही तत्त्वतः तपासता येईल. अडचण पुढच्या पायरीवर येते. मुलगा हो म्हणाला तर अर्थाला दुजोरा मिळाला, नाही म्हणाला तर तो प्रतिकार झाला. एकदा असा नियम धरला की मुलाच्या तोंडचा कुठलाच शब्द त्या अर्थाच्या विरोधात जाऊ शकत नाही. न तपासण्याजोगे आहे ते मूळ विधान नव्हे, त्याला वाचवण्याची ही पद्धत.

शलाका_म

सर, मनःपूर्वक आभार. आमच्या पुस्तकात हान्सला चारच ओळी दिल्या आहेत आणि त्या 'नाही'चा उल्लेखही नाही. मग त्याला भीती नेमकी कशामुळे बसली असावी? दुसरे काही स्पष्टीकरण कोणी दिले आहे का?

अश्विनी_समुपदेशन

मी पंधरा वर्षे समुपदेशन करते आणि माझे प्रशिक्षण मनोविश्लेषणाच्या अंगाने झाले आहे. म्हणून दुसरी बाजूही लिहिते.

भीती अनुभवातून शिकली जाते असे मानणारे वर्तनवादी जोसेफ वोल्पे आणि स्टॅन्ली रॅकमन यांनी 1960 साली याच नोंदीवर सविस्तर टीकालेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की हान्सने आईबरोबर जाताना ओम्निबसचा घोडा धाडकन पडून पाय झाडताना पाहिला आणि आपली ही भीती तेव्हापासूनची आहे, असे त्याने स्वतः सांगितले. आईनेही त्या प्रसंगाला दुजोरा दिला. त्याआधी ग्मुंडेनला सुटीवर असताना पांढऱ्या घोड्याला बोट लावू नकोस, तो चावेल, असे एका ओळखीच्या मुलीला तिच्या वडिलांनी बजावलेले त्याने ऐकले होते. पडण्याची आणि चावण्याची अशा दोन्ही भीतींची साधी कारणे नोंदीतच असताना इडिपसपर्यंत जायचे कारण नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

माझी हरकत पुढे आहे. वोल्पे आणि रॅकमन हान्सला कधी भेटले नाहीत. अर्ध्या शतकानंतर, त्याच वडिलांच्या त्याच टिपणांतून, आपल्या सिद्धान्ताला जुळणारी वाक्ये त्यांनी निवडली. फ्रॉइडनेही तेच केले होते. पडलेला घोडा शेकडो मुले पाहतात आणि रडून विसरतात. हान्सच विसरला नाही, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. पुढे जॉन बोल्बीने तीच नोंद वाचली आणि त्याला तिसरेच दिसले. आई आपल्याला सोडून जाईल या धास्तीत तो मुलगा होता, असे त्याचे वाचन आहे, आणि व्यवसायातल्या अनुभवावरून मला तेच सर्वांत जवळचे वाटते. एका नोंदीवर तीन सिद्धान्त बसत असतील, तर दोष एकट्या फ्रॉइडचा कसा?

तत्त्वबोध

अश्विनीताईंचा मुद्दा मला मान्य आहे. एका मुलाच्या नोंदीवरून वोल्पेचे म्हणणे सिद्ध होत नाही. फरक मला पुढच्या टप्प्यात दिसतो. भीती अशा तऱ्हेने बसते असे म्हणणाऱ्याला दुसऱ्या शंभर मुलांकडे जाता येते. भयानक प्रसंग पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या मुलांची तुलना करता येते आणि त्यात त्याचे म्हणणे पडूही शकते. पुष्कळ भयगंडी माणसांना असा कुठलाच प्रसंग आठवत नाही, हे दिसल्यावर वोल्पे-रॅकमन यांच्या विचारसरणीला आपले म्हणणे बदलावे लागले. रॅकमननेच पुढे भीती बसण्याच्या आणखी वाटा मान्य केल्या.

एक गोष्ट मात्र फ्रॉइडच्या प्रामाणिकपणाची आहे आणि ती टीकाकारही पुरेशी सांगत नाहीत. हान्सला स्वतःहून म्हणता न येणाऱ्या गोष्टी त्याला सांगाव्या लागल्या, ज्या विचारांची चिन्हे त्याच्यात तोवर दिसली नव्हती ते विचार त्याच्यापुढे ठेवावे लागले, आणि वडिलांना जिकडून काही येण्याची अपेक्षा होती तिकडे त्याचे लक्ष वळवावे लागले, हे त्याने 1909 च्या त्याच लेखात कबूल केले आहे. यामुळे पुराव्याचे मोल कमी होते हेही त्याला दिसत होते. त्याचे उत्तर असे, की मनोविश्लेषण हे निःपक्षपाती शास्त्रीय संशोधन नसून उपचार आहे. उपचार म्हणून ते मान्य करता येईल. पण मग तीच नोंद सिद्धान्ताचा पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही.

सुहासिनी

मी या विषयातली नाही, पण माझ्या घरात हाच प्रश्न उभा आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. तो शी दाबून धरतो, दोन-दोन, तीन-तीन दिवस होत नाही, आणि पॉटीवर बसवले की पाय ताठ करून रडतो. शाळेच्या पालकसभेत आलेल्या एका तज्ज्ञांनी मला सर्वांसमोर सांगितले, की तुम्ही शीच्या सवयीसाठी मागे लागलात म्हणून तो अडकला आहे आणि मोठेपणी हट्टी, चिकट आणि अतिव्यवस्थित होईल. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. मी खरेच त्याचे नुकसान केले आहे का?

अश्विनी_समुपदेशन

सुहासिनीताई, तुमच्या मुलाची गोष्ट आधी. या वयात बहुतेक वेळा असे होते, की एकदा शी कडक होऊन दुखते, त्या दुखण्याच्या भीतीने मूल ती धरून ठेवते, धरून ठेवल्याने ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी जास्त दुखते. पाय ताठ करणे हे पुष्कळदा शी रोखून धरण्यासाठीच असते, आणि पाहणाऱ्याला मात्र मूल जोर करते आहे असे वाटते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, शी मऊ राहण्यासाठी ते औषध देतील आणि ते पुरेसे दिवस चालू ठेवावे लागते. शीत रक्त दिसले, पोट फुगले, उलट्या झाल्या किंवा वजन वाढेनासे झाले तर थांबू नका. तोवर पॉटीवर बळेच बसवणे बंद ठेवा. त्याच्या मोठेपणीच्या स्वभावाविषयी त्या सभेत जे सांगितले गेले, तसे सांगण्याइतका आधार कोणाकडेच नाही, आणि हे मी फ्रॉइडच्या परंपरेत शिकलेली असून म्हणते आहे.

तत्त्वबोध

सुहासिनीताई, तुम्हाला जे ऐकवले गेले ते 1908 च्या एका छोट्या लेखातून आले आहे आणि वाटेत बदलत आले आहे. व्यवस्थितपणा, काटकसर आणि हट्टीपणा हे तीन गुण एकत्र आढळतात आणि त्यांचे मूळ गुदावस्थेत असते, असे फ्रॉइडने त्यात म्हटले. पण आईवडिलांच्या कडक शिस्तीला त्याने तिथे दोष दिलेला नाही. अशा माणसांच्या प्रकृतीतच त्या अवयवाशी निगडित सुखसंवेदना जन्मतः तीव्र असावी, असा त्याचा अंदाज होता. कडक शिस्तीमुळे मूल असे होते, हा भाग पुढच्या मंडळींनी ठळक केला.

शलाकाताई, तुमच्या मूळ प्रश्नाचे दुसरे टोक इथे हाती लागते, कारण या विधानाची प्रत्यक्ष तपासणी झालेली आहे. हाला बेलॉफ यांनी 1957 साली विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे गुण खरोखर एकत्र आढळतात का, असे त्यांनी पाहिले, तर काही प्रमाणात आढळले. मग शीची सवय कधी लावली गेली याच्याशी त्यांचा संबंध पाहिला, तर तो मिळाला नाही. संबंध मिळाला तो आईच्या स्वभावाशी. नीटनेटक्या, काटेकोर आयांची मुले तशी निघाली, आणि हे रक्तातून आले असेल किंवा रोजच्या सहवासातून. पॉटीची गरज त्याला लागत नाही.

म्हणजे फ्रॉइडचे निरीक्षण काहीसे टिकले, त्यामागचे प्रचलित कारण टिकले नाही. हे कळू शकले, कारण विधान तपासण्याजोगे होते. पण याच ठिकाणी सिद्धान्ताचा बचावही पाहा. गुदावस्थेत अडकलेला माणूस अतिव्यवस्थित होतो, आणि त्याच अवस्थेत अडकलेला दुसरा माणूस गबाळा आणि उधळ्या होतो, असेही म्हटले जाते. व्यवस्थित माणूस मिळाला तर ती प्रतिक्रिया-निर्मिती, म्हणजे मूळ ओढीच्या नेमके उलट वागणे, गबाळा मिळाला तर ती सरळ अभिव्यक्ती. कोण कोणत्या दिशेला जाईल हे आधी सांगण्याचा नियम दिलेला नसेल, तर कुठलेही संशोधन या विधानाला हात लावू शकत नाही.

केदार_नाशिक

पॉपरविषयीची माझी चूक मान्य करतो, सर. मग पॉपर चुकला असे म्हणायचे का? गुदावस्थेविषयीचे विधान तर तपासता आले.

तत्त्वबोध

तसे म्हणणारा मोठा अभ्यासक होऊन गेला आहे. पिट्सबर्गचा अडॉल्फ ग्रुनबाउम हा मुळात भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानातला माणूस. त्याने 1984 च्या ग्रंथात पॉपरलाच उत्तर दिले. फ्रॉइडची कित्येक विधाने तपासता येतात, आणि आपले म्हणणे पडू शकते याची फ्रॉइडला जाण होती, असे त्याने दाखवले. त्याची फ्रॉइडवरची टीका वेगळी आणि माझ्या मते अधिक कठोर आहे. रुग्णाच्या मनात खरोखर जे आहे त्याच्याशी अर्थ जुळला तरच उपचार यशस्वी होतो, म्हणून बरा झालेला रुग्ण हाच पुरावा, असा फ्रॉइडचा युक्तिवाद होता. पण इतर पद्धतींनीही माणसे बरी होत असतील आणि काही जण आपोआप बरे होत असतील, तर तो आधार कोसळतो. शिवाय रुग्ण उपचारकाच्या सूचनेनुसार बोलू लागतो, त्यामुळे कोचावरच्या बोलण्यातून सिद्धान्त सिद्ध करणेच कठीण होते. रेवाताई, तुमच्या बहिणीच्या बाबतीतही हेच लागू होते. तिला बरे वाटले याविषयी कोणाला शंका नाही. बालपणाविषयी बोलून बरे वाटणे आणि त्या बालपणात या पाच अवस्था याच क्रमाने असणे ही मात्र दोन निराळी विधाने आहेत.

दिगंत

मला मानववंशशास्त्रातले एक उदाहरण आठवते. ट्रोब्रिआंड बेटांवर वंश आईकडून चालतो आणि मुलावर धाक असतो तो मामाचा. वडील खेळगडी असतात. इडिपस गंड सार्वत्रिक असेल, तर तिथे वडिलांविषयीचा द्वेष दिसायला हवा. तो दिसला नाही, रोष मामावर दिसला, असे ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्कीने लिहिले. ही चांगली तपासणी होती, कारण आपल्या समाजात धाक दाखवणारा आणि आईचा जोडीदार हा एकच माणूस असतो आणि दोन कारणे वेगळी करता येत नाहीत. फ्रॉइडचा अनुयायी अर्नेस्ट जोन्स याने त्यावर असे उत्तर दिले, की वडिलांवरचा मूळ द्वेष टाळण्यासाठीच तो मामाकडे वळवला गेला आणि मातृवंशाची पद्धतही त्यातूनच आली. विरोधातला पुरावा अशा रीतीने बाजूचा झाला.

आपल्याकडचेही एक नाव इथे यायला हवे. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. लिंगावस्थेत लिंगच्छेदाच्या ज्या भयाला फ्रॉइड मध्यवर्ती मानत असे, ते आपल्या भारतीय रुग्णांमध्ये युरोपीय रुग्णांइतके ठळक दिसत नाही, असे त्यांनी 1929 मध्ये त्याला कळवले. दोघेही आपापल्या खोलीत ऐकलेल्या बोलण्याच्या आधारे लिहीत होते. कोणाचे बरोबर, हे ठरवण्यासाठी तिसरी जागा दोघांकडेही नव्हती.

अश्विनी_समुपदेशन

दिगंत यांनी दिलेल्या जोन्सच्या उत्तराचा बचाव मी करणार नाही. तरीही एक खंत नोंदवते. लहान मुलांच्या मनात प्रेम, मत्सर आणि भय एकाच माणसाविषयी एकत्र असू शकते, ही गोष्ट आज आम्हाला सहज वाटते; ती बोलण्याची सोय फ्रॉइडने करून दिली. अवस्थांचे वेळापत्रक मी माझ्या कामात वापरत नाही. पण समोरचे मूल नाही म्हणते तेव्हा ते प्रत्येक वेळी नाहीच असते, असेही मला अनुभवावरून म्हणता येत नाही.

शलाका_म

माझा गोंधळ आता पुष्कळ दूर झाला. 'सिद्धान्त' हा एकच शब्द वापरल्यामुळे तो झाला होता. त्यातली काही विधाने तपासली गेली, काही पडली, काही अर्धवट टिकली, आणि काहींच्या भोवती असे नियम आहेत की ती पडूच शकत नाहीत. उत्तरात मी हान्स आणि बेलॉफ ही दोनच उदाहरणे घेणार आहे.

एकच विचारायचे राहिले. हान्स मोठा झाल्यावर त्याला कोणी विचारले का?

तत्त्वबोध

तो स्वतःच गेला. 1922 च्या वसंतात एकोणीस वर्षांचा हर्बर्ट फ्रॉइडसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मीच तो छोटा हान्स. आपली नोंद त्याने वाचली होती आणि ती त्याला परक्याची वाटली होती. घोडा, भीती, ती भेट, काहीही आठवले नाही. फक्त ग्मुंडेनच्या प्रवासाचा उल्लेख आला तिथे हा आपणच असू असे काहीसे अंधूक वाटले. फ्रॉइडने हे ताजा कलम म्हणून नोंदवले आणि अर्थ असा लावला, की विश्लेषणाने त्या घटना विस्मृतीपासून वाचवल्या नाहीत, उलट विश्लेषणच विस्मृतीत गेले. हर्बर्ट ग्राफ पुढे ऑपेराचा नामवंत दिग्दर्शक झाला.

शलाका_म

आणि त्याला सगळे आठवले असते, तर तोही पुरावाच ठरला असता का?

अश्विनी_समुपदेशन

माझ्या शिक्षकांनी तसेच म्हटले असते असे वाटते. मी काय म्हटले असते, याचा मी कालपासून विचार करते आहे.